लिसनिंग वाढवावे की रायटिंग? एकूण बँडचा हिशेब

प्रश्न : मी नाशिकला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पंधरा दिवसांपूर्वी संगणकावर आयईएलटीएस अकॅडेमिक दिली. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ५.५, स्पीकिंग ६ आणि एकूण बँड ६.५ आला. ब्रिटनमधील एका विद्यापीठाला एकूण ६.५ हवेत, दुसऱ्याला ७. दोन्हीकडे कोणत्याही विभागात ६ पेक्षा कमी चालत नाही. माझे लिसनिंग चांगले आहे, तर तेच वाढवून ७ गाठता येतील का?

उत्तर : एकूण बँड काढताना चारही विभागांना सारखेच वजन असते. चार गुणांची बेरीज करून तिला चारने भागतात आणि आलेली सरासरी जवळच्या अर्ध्या किंवा पूर्ण बँडवर नेतात. सरासरी बरोबर मध्यावर पडली, तर नियम परीक्षार्थीच्या बाजूने आहे : .२५ असल्यास ती वरच्या अर्ध्या बँडवर आणि .७५ असल्यास वरच्या पूर्ण बँडवर जाते. तुमची बेरीज २६ आणि सरासरी ६.५ आहे, त्यामुळे येथे पूर्णांकनाची वेळच आली नाही.

सरासरीपेक्षा बेरीज डोळ्यांसमोर ठेवली, तर नियोजन सोपे होते. बेरीज २५ ते २६.५ असेल तोवर एकूण बँड ६.५ राहतो आणि २७ झाली की सरासरी ६.७५ होऊन तो ७ होतो. म्हणजे तुम्हाला एकूण एका बँडची वाढ हवी आहे. केवळ अर्ध्या बँडने सरासरी ६.६२५ होईल आणि ती पुन्हा ६.५ वरच येईल. ही वाढ एकट्या लिसनिंगमधून मिळवायची, तर ते ८.५ वर न्यावे लागेल. तेथे ८ साठीच ४० पैकी सुमारे ३५ उत्तरे बरोबर लागतात, आणि ८.५ साठी चुका दोन-तीनच परवडतात. एवढे साधले तरी रायटिंग ५.५ वरच राहील आणि दोन्ही विद्यापीठांची दारे बंदच राहतील, कारण किमान गुणांची अट सरासरीने झाकली जात नाही.

याउलट रायटिंग ६ झाले, तर बेरीज २६.५ होऊन पहिल्या विद्यापीठाची अट पूर्ण होते, ६.५ झाले, तर बेरीज २७ होऊन दुसऱ्याचीही होते. म्हणून तुमचा सर्व वेळ रायटिंगला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुणपत्रिकेवर रायटिंगचा एकच बँड छापलेला असतो, त्यामुळे गुण कोठे गेले हे तुम्हालाच शोधावे लागेल. दुसऱ्या टास्कचे, म्हणजे निबंधाचे वजन पहिल्याच्या दुप्पट असते. तरीही आलेखाच्या वर्णनात तीस-पस्तीस मिनिटे घालवून निबंध घाईत उरकणारे अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत. साठ मिनिटांपैकी चाळीस मिनिटे निबंधासाठी राखून ठेवा आणि २५० शब्दांची किमान मर्यादा पाळा. प्रश्नात दोन्ही बाजूंची चर्चा आणि स्वतःचे मत मागितले असेल, तर या तिन्ही गोष्टी लिहिल्या आहेत का, हे प्रत्येक सरावानंतर तपासा. यांपैकी एक जरी राहिली, तरी भाषा चांगली असूनही प्रश्नाला अपुरे उत्तर दिल्याबद्दल गुण कमी होतात. पहिल्या टास्कमध्ये आकडे एकामागून एक सांगितले जातात, पण आलेखातून एकंदर काय दिसते हे सांगणारी दोन वाक्येच राहून जातात. ती नसतील तर त्या निकषावर ६ मिळणे कठीण असते. पाठ केलेली सुरुवात तर वापरूच नका, कारण ती परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

पहिल्या आठवड्यात वेळ लावून चार निबंध लिहा. प्रश्नाला दिलेले उत्तर, मांडणीतील सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चार निकषांवर स्वतंत्र बँड देणाऱ्या शिक्षकांकडून ते तपासून घ्या. चारही निबंधांत व्याकरणाचाच बँड मागे असेल, तर रोज नवा निबंध लिहिण्याऐवजी तपासलेलाच निबंध चुका सुधारून पुन्हा लिहिण्यात अधिक लाभ आहे.

तुम्ही परीक्षा संगणकावर दिली असल्याने फक्त रायटिंग पुन्हा देण्याची ‘वन स्किल रीटेक’ ही सोय तुम्हाला उपयोगी पडेल. तीत बाकीच्या तीन विभागांचे गुण तसेच राहतात. मात्र ही फेरपरीक्षा मूळ परीक्षेच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत द्यावी लागते आणि एका परीक्षेमागे ती एकदाच देता येते. तुमचे पंधरा दिवस गेले आहेत, तेव्हा जागा मिळेल असा पाच-सहा आठवड्यांनंतरचा, पण मुदतीच्या आतला दिवस निवडा. ही गुणपत्रिका सर्वच विद्यापीठे स्वीकारत नाहीत, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी दोन्ही प्रवेश कार्यालयांना ईमेल लिहून लेखी होकार मिळवा. होकार न मिळाल्यास पूर्ण परीक्षा द्यावी लागेल. तेव्हा रायटिंग ६ आले आणि स्पीकिंग ६ वर टिकले, तर लिसनिंग व रीडिंग दोन्ही अर्ध्या-अर्ध्या बँडने घसरूनही बेरीज २५.५, म्हणजे एकूण बँड ६.५ राहील. खरी चिंता स्पीकिंगची आहे, कारण ते आधीच किमान मर्यादेवर आहे; पूर्ण परीक्षा द्यावी लागली, तर रायटिंगसोबत रोज अर्धा तास त्यालाही द्या.