n शून्यापासून मोजायचा की एकपासून? आमचे अकरा हजार तिथेच गेले

प्रश्न: वहीत n-वं पद a·r^(n-1) असं आहे, आणि आलेखाच्या धड्यात y = a·b^x. दोन्हीकडे a तोच धरला की माझं उत्तर एका घराने सरकतं. दर वर्षी ठरावीक रक्कम भरण्याच्या गणितात तर बेरीजच वेगळी येते. n नेमका कुठून मोजायचा?

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लांबलचक लिहिते आहे. श्रेढी म्हणजे काय, घातांकाचे नियम काय, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

आधी घर सरकण्याबद्दल. भूमिती श्रेढी म्हणजे घातांकी फलच आहे, फक्त त्यात x च्या जागी पूर्ण संख्याच घालायच्या. पहिलं पद n = 1 ला ठेवलंत तर a·r^(n-1) म्हणजेच (a/r)·r^n. म्हणून त्या ठिपक्यांतून जाणारी वक्ररेषा y-अक्षाला a वर छेदत नाही, a/r वर छेदते. तुमचं सरकतं ते इथे. पहिलं पद n = 0 ला ठेवा, दोन्ही सूत्रं एक होतात. माझं ठाम मत आहे की पैसे आणि काळाच्या गणितात नेहमी शून्यापासूनच मोजावं, कारण तिथे n हा पदाचा क्रमांक नसतो, रकमेवर किती वर्षं व्याज चढलं ते असतं. आज भरलेल्या रुपयाचं वय शून्य.

आता बेरीज. इंदूरच्या एका पतसंस्थेत (नाव घेत नाही) बाबा दर 1 एप्रिलला 10,000 रुपये भरायचे. दहा वर्षांची योजना, 8 टक्के, व्याज वर्षातून एकदा मुद्दलात. दहाव्या वर्षाच्या 31 मार्चला पैसे मिळायचे होते. संस्थेने हिशेब दिला 1,44,866 रुपयांचा. आम्ही घरी काढला तो 1,56,455. फरक 11,589 रुपयांचा.

काउंटरवरच्या माणसाला मी कागदावर दाखवलं की शेवटचा हप्तासुद्धा वर्षभर त्यांच्याकडे होता, म्हणजे त्याचेही 10,800 व्हायला हवेत. त्याने पाहिलं नाही. "कम्प्यूटरमधून निघालंय, सूत्र बरोबर आहे," एवढंच. वरच्या साहेबांकडे गेलो, त्यांनी तोच छापील कागद परत पुढे केला. सूत्र बरोबर होतंच हो, पण ते कोणत्या n पासून सुरू होतं हे त्या ऑफिसात एकालाही सांगता येईना, आणि ऐकून घ्यायचीही तयारी नव्हती. बाबांची तब्येत तेव्हा बरी नव्हती, त्यांनी सही करून पैसे घेतले. आजही याचा राग येतो.

नेमकं काय झालं ते पाहा. दोन्ही हिशेबांत फल एकच आहे:

```
f(k) = 10000 × 1.08^k
संस्था : f(0) + f(1) + ... + f(9)  = 144865.62
आम्ही  : f(1) + f(2) + ... + f(10) = 156454.87
```

संस्थेने हप्ता वर्षअखेर भरला असं धरलं, म्हणून शेवटच्या हप्त्याचं वय शून्य. आमचा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला, म्हणून त्याचं वय एक आणि पहिल्याचं दहा. f(1) ते f(9) दोन्हींत समान, ते कटतात. उरतो f(10) − f(0), म्हणजे 21,589.25 वजा 10,000. हेच आमचे 11,589. दुसऱ्या बाजूने बघायचं तर सगळ्यांचं वय एकाने वाढलं की अख्खी बेरीज 1.08 पट होते, कारण घातांकी फलात एक पाऊल पुढे जाणं म्हणजेच r ने गुणणं. 1,44,865.62 ला 1.08 ने गुणून पाहा.

बेरजेचं सूत्र a(r^n − 1)/(r − 1) मुलांना वजाबाकीची युक्ती करून शिकवतात, ते मला आवडत नाही. त्यापेक्षा असं समजा की 1,25,000 रुपये वेगळे ठेवलेत. 8 टक्क्यांनी त्यांचं व्याज दरवर्षी बरोबर 10,000 येतं आणि वर्षअखेर तेच तुम्ही 8 टक्क्यांच्याच बचत खात्यात टाकता. बाहेरून एक पैसाही येत नाही, त्यामुळे दोन्ही मिळून रक्कम साध्या चक्रवाढीने वाढते: 125000 × 1.08^n. त्यातून मूळचे 1,25,000 काढा, उरेल ती बचत खात्यातली बेरीज:

```
S(n) = 125000 × 1.08^n − 125000
```

दहा वर्षांनी 2,69,865.62 वजा 1,25,000, म्हणजे 1,44,865.62. संस्थेचाच आकडा आला, कारण व्याज वर्षअखेर येतं. तर बेरीजही घातांकी फलच आहे, फक्त एका स्थिर संख्येने खाली सरकलेलं. r = 1 असेल तर मात्र हे चालत नाही, तिथे बेरीज सरळ n·a.

ही स्थिर संख्या विसरलात तर तक्ता पाहून फसाल. S(1), S(2), S(3) आहेत 10,000, 20,800, 32,464. गुणोत्तरं 2.08 आणि 1.56, म्हणजे पाहणारा म्हणेल की घातांकी नाहीच. लगतच्या रकमांमधले फरक घ्या: 10,800 आणि 11,664. यांचं गुणोत्तर 1.08. गुणोत्तर थेट स्थिर आलं तर समोर श्रेढी आहे, फरकांचं स्थिर आलं तर बहुधा तिची बेरीज.

ठिपके जोडून रेषा काढायची का? गणितात r धन असेल तर खुशाल काढा. 3, −6, 12 अशा श्रेढीत r = −2 आहे, तिथे x = 1/2 ला वास्तव किंमतच नाही, त्यामुळे ठिपक्यांवरच थांबायचं. पैशांतही मधल्या महिन्यांसाठी रेषेवर विसंबू नका. 10,000 वर सहा महिन्यांचं व्याज 1.08^0.5 प्रमाणे 392.30 होतं, सरळव्याजाने 400, आणि कोणता नियम लावायचा ते संस्था ठरवते. व्याज तिमाही धरत असतील तर r = 1.02 आणि n तिमाहींत मोजा, 1.08 तिथे वापरायचाच नाही.

मी हिशेबनीस नाही, तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा पासबुक आणि योजनेचा कागद आधी वाचा. एक्सेलमध्ये तपासायचं असेल तर हे टाका:

```
=FV(8%,10,-10000,0,1)
```

शेवटचा 1 म्हणजे हप्ता मुदतीच्या सुरुवातीला. तो रिकामा सोडला की एक्सेल 0 धरतं आणि 1,44,865.62 दाखवतं. बाबांच्या कागदावरही हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. संस्थेत जाताना दोन्ही उत्तरं छापून न्या आणि तोंडी न बोलता लेखी विचारा: शेवटच्या हप्त्यावर किती महिन्यांचं व्याज धरलंत?