चुन्याची लाइन मोठी केली की चोकअप थांबतं का?

प्रश्न: साखर कारखान्यात मिल्क ऑफ लाइमची 50 एमएमची लाइन सारखी चोकअप होते. 80 ची टाकली तर प्रश्न सुटेल का? वेग किती ठेवायचा?

80 टाकू नका. उलट चोकअप वाढेल. कोल्हापूर पट्ट्यात ऑफ सीझनला हेच काम दरवर्षी कुठे ना कुठे निघतं, आणि त्यामागचा "पाइप मोठा, तर अडथळा कमी" हा हिशेब पाण्याच्या लाइनचा आहे. चुन्याच्या दुधात कच असते. तिला उचलून धरतो तो वेग, आणि पाइप मोठा केला की पहिल्यांदा तोच जातो.

5000 टनी कारखाना धरा. ताशी साधारण 208 टन गाळप, चुना उसाच्या 0.18 टक्के, म्हणजे ताशी 375 किलो. 10 बॉमेच्या दुधात लिटरला सुमारे 95 ग्रॅम चुना असतो, म्हणजे ताशी 4 घनमीटर दूध लागतं. हे 50 च्या पायपातून सेकंदाला अर्धा मीटर जातं, 80 च्या पायपातून 0.23 मीटर. कच वाहून न्यायला किमान 1 मीटर हवा, 1.2 ते 1.5 ठेवलेला बरा. शिवाय पाइप जितका मोठा, तितका कच न बसू देण्यासाठी लागणारा वेगही जास्त. म्हणजे मार दोन्हीकडून.

अशीच 80 ची केलेली एका कारखान्यातली लाइन मी कापलेली पाहिली आहे. खालचा अर्ध्याहून जास्त भाग राखाडी-पांढऱ्या थराने गच्च, वर बोटभर उंचीची वाट. थर वाढत जातो, वरची वाट अरुंद होते, तिथला वेग वाढतो आणि कच बसायची थांबते. 80 चा पाइप स्वतःच आतून 40 चा होऊन बसला होता! चालू असताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. दोन तासांचं स्टॉपेज आलं की थर दबून घट्ट होतो, आणि पुन्हा पंप सुरू केला की त्याचा तुकडा सुटून पुढच्या बेंडमध्ये अडकतो. मग दोष फिटरला. पाइप निवडणाऱ्याला कोणी विचारत नाही.

खरा उपाय म्हणजे दूध जितकं लागतं तितकंच न पाठवता जास्त पाठवायचं आणि उरलेलं टाकीत परत आणायचं. तुमची 50 ची लाइन ठेवा, पंप ताशी 10 घनमीटरचा घ्या. वेग 1.3 मीटर मिळतो. 4 वापरात गेले, 6 परत येतात. आता नेमकी इथे चूक होते: परतीचा पाइपही 50 चाच टाकतात आणि तिथे वेग 0.8 वर येतो. परतीला 40 चा टाका, तिथेही 1.3 मिळेल. डोसिंगचा फाटा मेन लाइनच्या वरच्या बाजूने काढा आणि व्हॉल्व्ह मेनला अगदी चिकटून बसवा. खालून काढला तर व्हॉल्व्ह बंद असताना कच त्यातच उतरते.

वेग आहे की नाही हे बघायला मीटर लागत नाही. परतीच्या तोंडाखाली 20 लिटरची बादली धरा, गॉगल आणि हातमोजे घालूनच. 12 सेकंदांत भरली तर ठीक. 20 सेकंद लागले तर परतीचा वेग पाऊण मीटरवर आला आहे. त्याच पाळीत पाणी मारा. पंपाचा प्रेशर गेज वर आणि अँपिअर खाली, हीसुद्धा तीच खूण. वीज वाचवायला कुणी ड्राइव्ह 50 वरून 35 हर्ट्झवर आणला असेल, तर आधी तो पूर्ववत करा. वेग जवळपास त्याच प्रमाणात उतरतो, आणि वाचलेली वीज लाइन कापण्यात जाते.

थांबताना दूध लाइनमध्ये सोडू नका. 70 मीटर जाणारी आणि 60 मीटर येणारी लाइन मिळून 230 लिटर धरते. त्याच पंपाने चार मिनिटं पाणी मारलं की लाइन जवळपास तीनदा धुऊन निघते. हे पाणी टाकीत घेऊ नका, बॉमे उतरतो.

हे मात्र लक्षात घ्या. पाइप कापल्यावर थर फक्त तळाला असेल तरच हा वेगाचा प्रश्न. चारही बाजूंनी सारखा, दगडासारखा थर असेल तर ते कठीण पाण्यामुळे धरलेलं स्केल; त्यासाठी चुना कंडेन्सेटमध्ये विरवा. 2 मीटरच्या वर वेग नेला की बेंड घासून भोक पडतं. आणि क्लॅरिफायरच्या गाळाला हे आकडे लावू नका. तो लापशीसारखा घट्ट असतो, त्याचा हिशेब निराळा.