निसर्गाची आवड खोडा, एक घरटं लिहा

प्रश्न: जर्मनीत समुद्रकिनारा संवर्धनाच्या एक वर्षाच्या व्हॉलंटियर प्रोग्रामसाठी मोटिव्हेशन लेटर मागितलंय. मी आंजर्ल्याचा, दोन सीझन कासवांचं काम केलंय, बाकी सांगण्यासारखं काही नाही. पत्रात काय लिहू?

मी मंडणगड तालुक्यातला, असाच एक वर्ष जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर राहून आलोय. पहिल्या वर्षी माझा अर्ज नाकारला गेला, कारण कोणी सांगितलं नाही, पण ते पत्र आता वाचलं की माझं मलाच कळतं. सुरुवात ‘मला लहानपणापासून निसर्गाची प्रचंड आवड आहे’, मधे जर्मन लोकांच्या शिस्तीचं कौतुक, शेवटी ‘मी तिथे भारतीय संस्कृतीची ओळख करून देईन’. आता हे पत्र नागपूरच्या पोराने पाठवलं असतं तरी चाललं असतं की!

दुसऱ्या वर्षी मी आवड वगैरे सगळं खोडलं आणि पत्राच्या मधोमध हा पॅरा टाकला:

‘नोव्हेंबर ते मार्च मी रोज पहाटे पाचला दोन किलोमीटर पुळण चालतो. मादी वर येऊन गेल्याची खूण दिसली की घरटं शोधायचं, अंडी काढायची आणि हॅचरीत तेवढाच खोल, साधारण दीड फुटाचा, मडक्यासारखा खड्डा करून त्यात ठेवायची. गेल्या सीझनला एक घरटं उशिरा सापडलं, ऊन वर आलं होतं, मी घाईघाईत अंडी हलवली. 108 अंड्यांतून 21 पिल्लं निघाली. तेव्हापासून प्रत्येक घरटं कधी सापडलं आणि अंडी कधी हलवली, ती वेळ मी वहीत लिहितो.’

घरचे म्हणाले चूक कशाला सांगतोस. पण अंडी घातल्यावर काही तासांनी आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, मग अंडं उलटंपालटं झालं की तो मरू शकतो, हे पलीकडे पत्र वाचणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे 108 पैकी 21 म्हटल्यावर त्याला कळतं की हा माणूस खरंच खड्ड्याजवळ गुडघे टेकून बसलाय. इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्या वहीवरच प्रश्न होते. म्हणून जे लिहाल त्याची वही, फोटो, तारखा जवळ ठेवा, आणि आकडा ठोकून देऊ नका, दुसऱ्याच प्रश्नात पकडले जाता.

आता तुम्ही तिथे काय देणार, इथे बहुतेक जण गडबडतात. आधी त्यांचं रोजचं काम काय ते बघा. जर्मनीच्या उत्तरेला वाटेनमेअर नावाचा उथळ समुद्र आहे, त्याच्या किनाऱ्यावर (2009 पासून जागतिक वारसा आहे तो) ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो, त्यावरून पर्यटकांना फिरवून आणायचं आणि भरतीला काठावर गोळा होणारे पक्षी मोजायचे, अशी कामं असतात. मग मी लिहिलं की पिल्लं सोडताना दोरीमागे शे-दीडशे माणसं मी सांभाळलीत, फ्लॅशच्या उजेडाने पिल्लं भरकटतात हे त्यांना समजावून मोबाईल खाली ठेवायला लावलेत, तेव्हा गर्दीला न दुखावता थांबवणं मला जमतं. आणि पुढच्याच ओळीत, माझं जर्मन ए-टू आहे, पहिले तीन-चार महिने मी पर्यटकांपुढे बोलू शकणार नाही, तोवर मोजणी आणि नोंदी द्या, बी-वनचा क्लास सुरू आहे. हे कमीपणाचं वाटतं पण नाहीये, त्यांना कामं वाटून द्यायची असतात, ‘मी सगळं करीन’ म्हणणाऱ्याला नेमकं कुठे लावायचं तेच कळत नाही.

वर्ष पूर्ण कराल का ही शंका त्यांना असतेच, कारण मधेच कोणी निघून गेलं की जागा रिकामी राहते. मी सरळ लिहिलं होतं की एप्रिल-मेमधे घरी आंब्याची काढणी असते, त्या वर्षी ती काका बघणार, घरात बोलणं झालंय. परत येऊन काय करणार तेही एकच लिहा पण ठोस लिहा, माझं होतं गावातल्या होमस्टेवाल्या पोरांना किनाऱ्यावर माणसं फिरवायचं ट्रेनिंग. मनात पुढे तिथेच मास्टर्स करायचं असेल तर तो वेगळा अर्ज, वेगळा व्हिसा, या पत्रात घुसडलंत तर व्हॉलंटियरिंग हा नुसता बहाणा वाटतो.

गरीब गाव, मागास भाग असलं रडगाणं नको. एकाच पानात बसवा, आधी मराठीत लिहा मग भाषांतर करा, म्हणजे गुळगुळीत वाक्यं कमी येतात. आणि दोन सीझन काम केल्याचं वनखात्याकडून एक पत्र आत्ताच मागून ठेवा, तुम्हाला ओळखणारे वनरक्षक बदलून गेले की मग नवीन साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं.