स्टॉक सोल्यूशनची दोन टप्प्यांची गणितं

प्रश्न: "स्टॉक ५०% आहे. २५० मिली सोल्यूशन बनवायचं, आणि पेशंटने त्यातलं ५ मिली घेऊन पाण्याने ५०० मिली केलं की १ इन २००० झालं पाहिजे. स्टॉक किती घ्यायचा? माझं उत्तर ०.२५ मिली येतंय, गाईडमध्ये २५ मिली आहे. कोण बरोबर?"

गाईड बरोबर आहे. तू काय केलंस ते ०.२५ बघूनच कळतं, १ इन २००० म्हणजे ०.०५% आणि २५० मिली थेट C1V1 = C2V2 मध्ये टाकलेस ना? पण ०.०५% ही पेशंटच्या बादलीतली स्ट्रेंथ आहे, तुझ्या बाटलीतली नाही. तुझ्या हिशोबाने बाटलीच १ इन २००० झाली, पेशंट ती अजून शंभरपट पातळ करणार, म्हणजे हातात १ इन २,००,०००, नुसतं पाणीच म्हण.

असली गणितं नेहमी शेवटून सोडवायची. मी इथे परळला हॉस्पिटल फार्मसीत आहे, इंटर्न मुलांना मी फॉर्म्युला बाजूला ठेवून आधी एवढंच विचारायला सांगतो की औषध किती मिलिग्राम आहे, कारण पाणी कितीही ओता, औषध तेवढंच राहतं. १ इन २००० म्हणजे २००० मिलीत १ ग्राम, मग ५०० मिलीत पाव ग्राम, २५० मिलिग्राम. हे सगळं कुठून आलं? त्या ५ मिलीतून. म्हणजे बाटलीत दर मिलीला ५० मिलिग्राम हवं, यालाच ५% म्हणतात (% वेट बाय व्हॉल्यूम म्हणजे १०० मिलीत किती ग्राम, एवढंच). आता २५० मिली बाटलीला ५० ने गुणलं की १२,५०० मिलिग्राम, म्हणजे साडेबारा ग्राम. स्टॉक ५०%, म्हणजे मिलीला ५०० मिलिग्राम, १२,५०० भागिले ५००, झाले २५ मिली.

चेक करायचं तर ५०% चं ५% झालं दहापट, ५ मिलीचं ५०० झालं शंभरपट, मिळून हजारपट, आणि ५० भागिले १००० बरोबर ०.०५. जुळलं.

आता शब्दांकडे नीट बघ, पेपर सेटर इथेच अडकवतात. "५०० मिली केलं" म्हणजे एकूण ५००. "५०० मिली पाण्यात टाकलं" असं असेल तर एकूण साधारण ५०५ होतं. इथे फरक किरकोळ आहे, पण "१ भाग औषध, ४ भाग पाणी" असं आलं की एकूण ५ भाग, चार नाही, आणि तिथे ४ ने भागलंस तर उत्तर सरळ चुकतं.

प्रॅक्टिकलला पण तेच, २५ मिली स्टॉक मेजरिंग सिलिंडरमध्ये घे आणि पाणी २५० च्या खुणेपर्यंत भर, वेगळं २५० मिली पाणी मोजून त्यात ओतू नकोस.