मेल खोटा असेल, पण फोटो तुमचा आहे का?

प्रश्न: वकीलसाहेब, आमचं तारकर्लीला चार खोल्यांचं होमस्टे आहे. वेबसाइट दोन वर्षांपूर्वी कुडाळच्या एका मुलाने करून दिली. गेल्या महिन्यात दोन मेल आले. पहिला दिल्लीच्या कुठल्याशा ‘लीगल सेल’चा. कॉपीराइटची केस दाखल झाली आहे, 72 तासांत 1,50,000 रुपये भरले नाहीत तर अजामीनपात्र वॉरंट निघेल, असं त्यात आहे. सोबत क्यूआर कोड आणि पुरावे डाउनलोड करायची लिंक. दुसरा मेल एका परदेशी कंपनीचा. आमच्या साइटवरचा सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो त्यांच्या फोटोग्राफरचा आहे म्हणून 14 दिवसांत 620 युरो मागतात. तो फोटो आमच्या साइटवर खरंच आहे. साइट करणारा मुलगा म्हणतो, गुगलवरून घेतला. नवरा म्हणतो, दोन्ही मेल डिलीट कर. काय करू?

उत्तर: ताई, यजमानांचं निम्मं ऐका. पहिल्या मेलला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरा मात्र डिलीट करू नका. आणि खरं तर पहिलाही पुरावा म्हणून ठेवून द्या, फक्त त्यातल्या लिंकला आणि क्यूआरला हात लावू नका.

असे मेल आले की लोक एकच प्रश्न विचारतात, हे खरं की खोटं? इथे प्रश्न दोन आहेत. मेल पाठवणारा खरा आहे का, हा एक. आणि फोटो वापरायचा हक्क तुमच्याकडे होता का, हा दुसरा. पाठवणारा भामटा निघाला म्हणून फोटो तुमचा होत नाही, आणि पाठवणारा खरा निघाला म्हणून त्याने लिहिलेली रक्कम देणं लागत नाही.

पहिल्या मेलमध्ये कोणता फोटो, कोणत्या पानावर, कोणाचा, हे कुठेच नाही. खरा तक्रारदार सगळ्यात आधी तेच सांगतो, कारण त्याचं सगळं म्हणणं त्यावर उभं असतं. इथे ते ‘पुरावे’ लिंकमागे ठेवले आहेत, म्हणजे तुम्ही घाबरून लिंक उघडावी. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टने नेमका हा प्रकार जाहीर केला होता. वेबसाइटवरच्या ‘संपर्क करा’ फॉर्ममधून फोटोग्राफरच्या नावाने कॉपीराइटची धमकी यायची, गुगलच्याच एका पानाची लिंक असायची, आणि तिथली फाइल उघडली की बँकेची माहिती चोरणारा आइस्डआयडी नावाचा व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरायचा. मेल आपल्याच साइटच्या फॉर्ममधून आलेला, त्यामुळे संशयही येत नसे.

दीड लाखाचा आकडाही मला ओळखीचा वाटतो. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी 1,50,000 डॉलरपर्यंत भरपाई अमेरिकेच्या कायद्यात आहे आणि तिकडच्या धमक्यांत हा आकडा सारखा येतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे 1957 च्या कायद्यात, नुकसानभरपाईचा असा ठरलेला आकडाच नाही. नुकसान किती झालं ते मागणाऱ्याने कोर्टात दाखवायचं असतं.

वॉरंटच्या धमकीत मात्र थोडं सत्य मिसळलेलं आहे, म्हणून ती चावते. जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये म्हटलं आहे. पण त्यासाठी रीतसर तक्रार लागते, ‘जाणूनबुजून’ हे सिद्ध व्हावं लागतं, आणि वॉरंट कोर्ट काढतं, कुठली सेल नव्हे. एखाद्या खासगी माणसाला 72 तासांत पैसे दिले नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. मेलमधल्या क्यूआर कोडवर पैसे भरून कॉपीराइटची केस मिटवायची सोय तर कुठल्याच कोर्टात नाही.

तरीही मनात किडा राहिला असेल तर तो पाच मिनिटांत काढता येतो. दाखल झालेल्या प्रत्येक केसला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. `services.ecourts.gov.in` वर तो टाकून बघा. मेलमध्ये नंबर नसेल तर जिल्हा, कोर्ट आणि वर्ष निवडून स्वतःच्या नावाने शोधा. मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. काही सापडलं नाही, आणि सापडणार नाही असं मला वाटतं, तर `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवून मोकळ्या व्हा. घरातल्या कोणी क्यूआरवर पैसे पाठवले असतील तर मात्र लगेच 1930 ला फोन करा. तिथे वेळेवर सगळं अवलंबून असतं.

आता दुसरा मेल. यात फोटो दाखवला आहे, तुमच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट आहे, फाइलचा पूर्ण पत्ता आहे. जगभरच्या साइट्स सॉफ्टवेअरने चाळून असे मेल पाठवणं हा काही कंपन्यांचा रीतसर धंदा आहे. मला तो फारसा आवडत नाही, पण बेकायदा म्हणता येणार नाही. किल्ला महाराजांचा असला तरी फोटो ज्याने काढला त्याचा. परदेशी फोटोग्राफरच्या फोटोलाही आपल्याकडे बहुधा संरक्षण मिळतं, आणि त्यासाठी नोंदणीची गरज नसते. ‘गुगलवर होता’ हा बचाव होत नाही. गुगल फोटो कुठे आहे ते दाखवतं, वापरायची परवानगी देत नाही.

उत्तर लिहिण्याआधी आपली बाजू नीट करून घ्या. त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा, मुलाशी झालेलं व्हॉट्सअॅप चॅट आणि त्याला दिलेल्या पैशांची नोंद जपा. मग फोटो काढून टाका. इथे बहुतेक जण चुकतात. वर्डप्रेसमध्ये फोटो पानावरून काढला तरी फाइल सर्व्हरवर `wp-content/uploads` मध्ये तशीच राहते आणि तिच्या थेट पत्त्यावर उघडते. कंपनीचं सॉफ्टवेअर तोच पत्ता पुन्हा तपासतं. म्हणून मीडिया लायब्ररीत जाऊन ‘Delete permanently’ करा, कॅशे रिकामी करा, आणि मेलमधला फाइलचा पत्ता स्वतः उघडून तो बंद झाल्याची खात्री करा. तोच फोटो फेसबुक पेजवर किंवा व्हॉट्सअॅप कॅटलॉगमध्ये असेल तर तिथूनही काढा. फोटो काढून टाकणं म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे.

त्यानंतर गुगल लेन्समध्ये फोटो टाकून मूळ कुठे आहे ते शोधा. कधी कधी तो विकिमीडियावर निघतो, जिथे फोटोग्राफरचं नाव देण्याच्या अटीवर वापर मोफत असतो. तसं निघालं तर तुमचा दोष नाव न देण्यापुरता आणि मागणी बरीच हलकी होते. फोटो एजन्सीच्या साइटवर विकायला असेल तर वेबसाइटवर वापरण्याचा त्याचा दर काय आहे, तो स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुढच्या सगळ्या बोलण्याचं ते भांडवल आहे.

मग उत्तर द्या. छोटं, इंग्रजीत, आणि वर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहून, म्हणजे तडजोडीची बोलणी उद्या कबुली म्हणून सहज पुढे करता येणार नाहीत. माफी मागू नका, ‘आमच्याकडून चूक झाली’ असं लिहू नका. फोटो साइटवरून काढून टाकला आहे एवढं सांगा आणि विचारा: फोटो कोणी व केव्हा काढला, फोटोग्राफरने कंपनीला हक्क दिल्याचा लेखी कागद कुठे आहे, आणि 620 युरो कोणत्या दराने काढले. मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या कायद्यात हक्कांचं हस्तांतरण आणि परवाना दोन्ही लेखीच लागतात. दावा लावण्यासाठी मालकी तरी हवी किंवा एकट्यालाच दिलेला, म्हणजे एक्सक्लुझिव्ह, परवाना तरी. पुष्कळ एजन्सींकडे नुसता विक्रीचा, दहा जणांना दिलेला परवाना असतो. त्याच्या जोरावर त्यांना स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही. कागद आला नाही तर पैसे द्यायचे नाहीत, तेवढं एका ओळीत कळवून थांबायचं.

कागद नीट आला, तर मिटवावं असं माझं मत आहे. पण 620 युरो म्हणजे साठ हजारांच्या आसपास, आणि हा बांगडेवालीने सांगितलेला पहिला भाव आहे. समजा एजन्सीच्या साइटवर त्या फोटोचा वर्षाचा दर 4,000 रुपये दिसतो. तुम्ही तो दोन वर्षं वापरला, म्हणजे परवाना घेतला असता तर 8,000 गेले असते. शोधण्याच्या खर्चापोटी थोडं वर धरून 10-12 हजारांचा प्रस्ताव द्या आणि दराचा स्क्रीनशॉट जोडा. ते एकदा-दोनदा जोरात नाही म्हणतील, रक्कम वाढवायची भाषा करतील. एवढ्या रकमेसाठी परदेशी कंपनीने इथे वकील लावून दावा चालवणं परवडणारं नसतं, हे त्यांनाही ठाऊक असतं. तरी ते कधीच येणार नाहीत अशी खात्री कोणी देऊ नये. 14 दिवसांची मुदत त्यांची आहे, कायद्याची नाही. पैसे द्यायचे ठरले तर आधी लेखी घ्या की या फोटोच्या आजवरच्या वापराबद्दल फोटोग्राफर आणि कंपनी दोघांचीही पुढे काही मागणी राहणार नाही. पैसे कंपनीच्या नावावरच्या बँक खात्यातच जायला हवेत.

मुलाचं काय? फोटोग्राफरला जबाबदार तुम्हीच, कारण साइट आणि धंदा तुमचा. ‘मला ठाऊक नव्हतं’ याचा फौजदारीत उपयोग होईल, दिवाणीत फार कमी. पण मुलाने पैसे घेऊन साइट केली आणि फोटो त्याने निवडला, तेव्हा दिलेल्या रकमेतला वाटा त्याच्याकडे मागायला हरकत नाही. त्याच्याकडून साइटवरच्या बाकीच्या प्रत्येक फोटोचा उगमही लिहून घ्या, कारण एक गुगलवरून घेणाऱ्याने एकच घेतलेला नसतो. नवे फोटो मालवणच्या एखाद्या फोटोग्राफरकडून पैसे देऊन काढून घेतलेत, तर वेगळा करार नसल्यास पहिला कॉपीराइट तुमचाच असतो. पावतीवर ‘वेबसाइटसाठी फोटो’ एवढं लिहून घ्या.

कधी खरंच समन्स आलं तर त्यावर कोर्टाचा शिक्का, केस नंबर आणि तारीख असेल. ते ओरोसच्या जिल्हा न्यायालयाचं असेलच असं नाही, कारण कॉपीराइटमध्ये दावा लावणारा स्वतःच्या गावच्या कोर्टातही जाऊ शकतो. आजकाल समन्स मेलवरही येतं, म्हणून ते आधी ई-कोर्टावर पडताळा. खरं निघालं तर लेखी म्हणणं द्यायला साधारण 30 दिवस मिळतात. तेव्हा मेलवर उत्तर देत बसू नका, कागद घेऊन त्याच आठवड्यात वकिलाकडे जा.