अकिलीस दुखत असताना धावणे किती कमी करावे?

प्रश्न : सकाळी उठल्यावर टाचेच्या वरची शीर आखडलेली असते, थोडे चालल्यावर मोकळी होते. आठवड्याला ४० किमी धावतो. किती कमी करू?

सिंहगडाच्या घाटात चढाचा सराव वाढवल्यावर माझी डावी अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी हीच शीर, टाचेच्या तीन-चार बोटे वर जाडसर झाली होती. चिमटीत धरली की कळ येई, आणि सकाळी भिंतीचा आधार घेतल्यावाचून न्हाणीघरापर्यंत जाता येत नसे. आमच्या गटाच्या प्रशिक्षकांनी दुखणे पूर्ण थांबेपर्यंत धावायचे नाही, असे फर्मावले. त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. विश्रांतीने वेदना शमते, पण ताण सोसण्याची शिरेची ताकद वाढत नाही, उलट घटते; म्हणूनच महिनाभर बसून परतलेल्यांचे दुखणे पुन्हा डोके वर काढते. वेदनेवर लक्ष ठेवून धावत राहिलेल्या रुग्णांची सुधारणा अडत नाही, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात दिसले आहे.

मी चढ आणि वेगाचा सराव आधी बंद केला, कारण शिरेवर सर्वाधिक ताण त्यांचाच येतो. लांब धाव निम्मी केली आणि सपाट रस्त्यावर एक दिवसाआड सावकाश धावत राहिलो. तुमच्या बाबतीत ४० वरून २५ किमीपर्यंत उतरणे मला योग्य वाटते, परंतु खरा निकाल दुसऱ्या दिवशीची सकाळ देते. धावताना शीर गरम होऊन वेदना दबते, त्यामुळे त्या वेळच्या बरे वाटण्यावर विसंबू नये. वेदनेला शून्य ते दहा असे गुण दिले, तर पाचपर्यंतचे दुखणे चालते. मात्र सकाळचा ताठरपणा आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ टिकला, तर पुढची धाव कमी करावी.

याच्या जोडीला पोटरीवर भार द्यावाच लागतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाने उभे राहून टाच सावकाश वर न्यावी आणि तितक्याच सावकाश पायरीखाली उतरवावी, पंधरा वेळा, असे तीन फेरे. हेच गुडघा किंचित वाकवूनही करावे, कारण धावताना सर्वाधिक राबणारा पोटरीचा खोल स्नायू तेव्हा कामाला लागतो. हे सोपे झाल्यावर मी पाठपिशवीत तांदूळ भरू लागलो, आणि प्रशिक्षक त्याला आगाऊपणा म्हणत राहिले. निदान बारा आठवडे तरी हे चालू ठेवावे लागते.

दुखणे थेट टाचेच्या हाडाशी असेल, तर टाच पायरीखाली नेऊ नये, सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक नुकतेच घेतले असेल, तर भार देण्याआधी डॉक्टरांना सांगावे. धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका बसला आणि त्यानंतर चवड्यावर उभे राहता येईना, तर शीर तुटलेली असू शकते. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.