टिका सगळ्या जुळल्या, बाकी मात्र जुळेना

प्रश्न : बाबांच्या वहीतल्या बँकेच्या नोंदी मी पासबुकाशी एकेक करून ताडून पाहिल्या. प्रत्येक नोंदीसमोर टिक झाली, तरी शेवटची बाकी जुळत नाही. असं कसं होतं?
– बी.कॉम.ची विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

नोंदी जुळल्या म्हणजे नोंदीच जुळल्या. त्यांची बेरीज बरोबर मारली गेली, हे टिकांवरून कळत नाही. तुमच्यासारखीच एक मुलगी इथेच मल्हारगंजाच्या बाजूला भेटली होती. वडिलांचं किराणा दुकान. तिची गोष्टच सांगतो, म्हणजे पायऱ्या आपोआप कळतील.

वडिलांची लाल कापडी बांधणीची वही, आकडे सगळे देवनागरी, आणि पानाच्या तळाशी ‘पुढे नेले’ म्हणून बाकी. ३१ मार्चला वहीप्रमाणे बँकेत ६१,८४० रुपये होते, पासबुकात ६६,४३४. म्हणजे ४,५९४ रुपयांचा फरक, आणि तोही पासबुकात जास्त. बाबा खुशीत म्हणाले, “अगं, बँकेत जास्तच आहेत ना? मग झालं की!” ती गप्प बसली आणि पेन्सिल घेऊन कामाला लागली. ३१ डिसेंबरला दोन्हीकडची बाकी सारखी होती, त्यामुळे शोधायचे होते फक्त तीन महिने. सुरुवात नेहमी अशाच तारखेपासून करावी, जिथे मेळ बसल्याची खात्री आहे. नाहीतर माणूस दोन-दोन वर्षांची पानं उलटत बसतो.

तिने आधी टिका केल्या: वहीतल्या नोंदीला एक, पासबुकातल्या तिच्या जोडीला एक. शेवटी चार नोंदी एकट्या उरल्या. पासबुकात दोन अशा, ज्या वहीत नव्हत्या: मार्चअखेरीचं व्याज ४१२ रुपये, आणि चेकबुकाचे ११८ रुपये, म्हणजे १०० अधिक १८ टक्के जीएसटी. वहीतही दोन अशा, ज्या पासबुकात नव्हत्या. सियागंजातल्या तेलाच्या ठोक व्यापाऱ्याला २९ मार्चला दिलेला १२,५०० चा चेक अजून वटला नव्हता. आणि एका केटररचा ४,२०० चा चेक ३० मार्चला भरला होता, तो खात्यात पडला २ एप्रिलला. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी गिऱ्हाइकांना बंद असतात, तेव्हा यात कुणाचीच चूक नव्हती.

आता नीट बघा, या चार नोंदी दोन गटांतल्या आहेत. व्याज आणि चेकबुकाचे पैसे वहीत लिहायचे राहिले होते, म्हणून दुरुस्ती वहीत: ६१,८४० अधिक ४१२ वजा ११८, म्हणजे ६२,१३४. चेकांच्या बाबतीत वही बरोबर होती, फक्त पासबुक मागे होतं. म्हणून तिथे वहीला हात लावायचा नाही, कागदावर पासबुकाची बाकी पुढे आणायची: ६६,४३४ वजा १२,५०० अधिक ४,२००, म्हणजे ५८,१३४. बँक जुळवणी पत्रक म्हणतात ते एवढंच. पण दोन्हींत अजून ४,००० रुपये उरलेच. आणि आता वही जास्त दाखवत होती! सकाळी ‘बँकेत जास्त’ म्हणून खूश झालेल्या बाबांचे चार हजार प्रत्यक्षात कमी निघाले. न वटलेल्या चेकने ते झाकून ठेवले होते. फरक आपल्या बाजूचा आहे म्हणून सोडून देऊ नये, तो याचसाठी.

बाबांचा चेहरा उतरला. बँकेत पैसे भरायला दुकानातला पोरगा जायचा. तोंडाने ते काही बोलले नाहीत, पण मुलीला कळलं. ती म्हणाली, “बाबा, त्याने भरलेली एकूण एक रक्कम पासबुकात आहे. टिका बघा.”

मग तिने उरलेल्या आकड्यालाच प्रश्न विचारले. फरकाला नऊने भाग गेला, तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते: ७,९३० च्या जागी ७,३९० लिहिलं तर फरक ५४०, आणि ५४० ला नऊने भाग जातो. ४,००० ला जात नाही. मग निम्मे करून पाहिलं. कुठे २,००० ची नोंद उलट्या बाजूला पडली होती का? नव्हती. उरली तिसरी शंका. एकच अंक आणि पुढे नुसती शून्यं असा फरक असेल, तर एखाद्या रकमेतला एकच अंक चुकीचा वाचला गेलेला असू शकतो. हजाराच्या घरात चारचा फरक, म्हणजे १ चा ५, २ चा ६, ४ चा ८…

इथे तिचा हात थांबला. फेब्रुवारीच्या पानावर मेसवाल्यांकडून आलेले ४,६०० रुपये बाबांच्या हाताने लिहिलेले होते, आणि त्यांचा ४ वरून जवळजवळ मिटलेला. पासबुकात 4600. टिक बरोबर होती. पण फेब्रुवारीत बाबांना ताप होता, तेव्हा पानाची बेरीज धाकट्या भावाने कॅल्क्युलेटरवर मारली होती. इंग्रजी माध्यमात शिकलेलं पोर, त्याने तो ४ इंग्रजी 8 समजून वाचला. ८,६०० धरल्याने बाकी ४,००० नी फुगली आणि पान उलटून मार्चमध्ये गेली. तिने ते पान दोनदा मोजलं, वरून खाली आणि मग खालून वर, कारण एकाच दिशेने पुन्हा मोजलं की डोळा तीच चूक पुन्हा करतो. वही ५८,१३४ वर आली.

बाबा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साठ हजारांचा चेक देणार होते, वहीतल्या बाकीच्या भरवशावर. तो परत आला असता, बँकेने दंड लावला असता आणि सियागंजात उधारीवर माल मिळणंही अवघड झालं असतं. त्यांनी चेक पंचावन्नचा दिला आणि उरलेले नंतर.

तेव्हा तुम्हीही टिका करणं आता थांबवा आणि बेरजा धरा. प्रत्येक पानाचं ‘पुढे नेले’ पुढच्या पानाच्या ‘मागून आणले’शी जुळतं का, ते पहिल्यांदा बघा. निम्मी प्रकरणं तिथेच सुटतात, असा माझा अनुभव आहे. सुधारताना जुना आकडा खोडून त्यावर गिरवू नका. एक रेघ मारा, वर बरोबर आकडा लिहा, तारीख घाला.

प्रश्न : मी भरलेले पैसे पासबुकात ‘जमा’ आणि आमच्या अकाउंटंटच्या वहीत त्याच रकमा ‘नावे’. दोघांपैकी चूक कोण?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

कोणीच नाही. पासबुक म्हणजे बँकेच्या वहीतल्या तुमच्या पानाची नक्कल. तुम्ही पैसे भरलेत की बँक तुमचं देणं लागते, म्हणून ती तुमच्या नावावर जमा लिहिते. तुमच्या वहीत मात्र बँक तुमची ऋणको, म्हणून बँकेच्या खात्यात तीच रक्कम नावे. ताडून पाहताना पासबुकाचा जमा रकाना तुमच्या बँक खात्याच्या नावे बाजूशी लावायचा. जुन्या रोकडवहीत डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे असायचं. त्या वळणाच्या माणसाने नवी वही हातात घेतली की पहिला महिना गोंधळ होतोच.

गोंधळात एखादी नोंद उलट्या बाजूला पडली, तर फरक दुप्पट येतो. १,३५० दिलेले मिळाले म्हणून लिहिले की २,७०० चा फरक. निम्मे करून बघायचं ते याकरता. पण गंमत अशी की २,७०० ला नऊनेही भाग जातो, म्हणजे अदलाबदलीचाही वहीम येतो. या युक्त्या फक्त कुठे शोधायचं ते सुचवतात, चूक सिद्ध करत नाहीत. खरी नोंद बोटाखाली आली पाहिजे.

प्रश्न : क्यूआरवर दिवसभरात ६,२८० आले, तेवढेच वहीत लिहिले. पासबुकात दुसऱ्या दिवशी ५,४६० जमा. रोजच असं काहीतरी होतं.
– फरसाण दुकानदार, राजवाडा, इंदूर

दुकानाचा क्यूआर जर एखाद्या पेमेंट कंपनीचा असेल, तर ती दिवसभराची रक्कम एकत्र करून पाठवते आणि तिचा दिवस तुमच्या दिवसाशी जुळत नाही. रात्री तिच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेले पैसे पुढच्या गठ्ठ्यात जातात. तुमचं दुकान राजवाड्याजवळ, म्हणजे विक्री रात्रीचीच जोरात. त्यात एखाद्या दिवशी आवाज देणाऱ्या डबीचं भाडं कापलं जातं, कधी गिऱ्हाइकाला परत केलेली रक्कमही वळती होते.

म्हणून रोजची क्यूआरची विक्री थेट बँक खात्यात लिहू नका. ‘क्यूआर येणे’ असं एक वेगळं पान करा. विक्री त्यात लिहा आणि पासबुकात गठ्ठा पडला की तेवढी रक्कम त्या पानातून बँकेकडे वळवा. तुमच्या उदाहरणात त्या पानावर ८२० उरतील. ॲपमधला सेटलमेंटचा अहवाल उघडलात की कळेल, त्यातले किती दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात आले आणि किती भाडं म्हणून कापले. भाडं खर्चात लिहा. दोन-तीन दिवसांत न हलणारी रक्कम त्या पानावर दिसली, तर ती खरोखर अडकली आहे असं समजून कंपनीला व्यवहार क्रमांकासह विचारा. क्यूआर थेट बँकेचा असेल, तर बहुधा एकेक रक्कम सुटी जमा होते आणि हा उपद्व्याप लागत नाही.

प्रश्न : मेअखेरीस पासबुकात ४३६ आणि २० रुपये कापलेले दिसतात. आमच्या वहीत नाहीत, आईला काही आठवत नाही. बँकेकडे तक्रार करू का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

हे आकडे ओळखीचे आहेत. ४३६ हा पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता, २० हा सुरक्षा विमा योजनेचा. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून पैसे मेच्या शेवटी आपोआप कापले जातात. आईने कधीतरी शाखेत फॉर्मवर सही केली असेल. नको असल्यास शाखेत लेखी देऊन बंद करता येतं. पण घाई करू नका, दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, आणि बंद करण्याआधी वारस म्हणून कोणाचं नाव आहे ते विचारून घ्या. वहीत ही रक्कम दुकानखर्चात नव्हे, घरखर्चात लिहा.

संमती दिलीच नव्हती अशी खात्री असेल, तर शाखेला लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. मात्र आकडा अनोळखी असेल आणि पैसे ऑनलाइन गेले असतील, तर पासबुक भरून घ्यायची वाट पाहत बसू नका. फसवणूक बँक किंवा तुमच्या चुकीने नसून तिसऱ्याच ठिकाणच्या गफलतीने झाली असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर नुकसानीचा बोजा पडत नाही. त्यासाठी खात्याशी जोडलेला मोबाईल नंबर चालू हवा. पासबुक सहा-सहा महिन्यांनी भरणाऱ्या घरांत तो नंबर पुष्कळदा जुनाच निघतो.